उजवा खांदा दुखावलाय, पण डावा हात मोकळा आहे

आज जिममध्ये पूर्ण व्यायाम झाला, उजव्या खांद्याला धक्का न लावता. रोटेटर कफच्या स्नायूला इजा आहे, त्यामुळे बारबेल पाठीवर घेऊन स्क्वॉट बंद. बार धरायला हात मागे वळवावा लागतो आणि नेमकं तेच खांद्याला नको असतं. त्याऐवजी लेग प्रेस केलं. दमासाठी स्थिर सायकल, पण हँडलवर भार न टाकता, सरळ बसून.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी डाव्या हाताचा व्यायाम मुद्दाम चालू ठेवायला सांगितलाय. एका हाताला ताकदीचा व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते. १८९४ साली येल विद्यापीठात हे पहिल्यांदा मोजलं गेलं. कारण स्नायूत नाही, मज्जासंस्थेत आहे. म्हणून डाव्या हाताने डंबेल रो, वजन बऱ्यापैकी जड, ८ वेळा, आणि खाली सोडताना ३-४ सेकंद. दुखऱ्या हाताचा स्नायू मात्र यामुळे भरत नाही, त्याला स्वतःचा व्यायाम नंतर लागेलच.

आज एक गोष्ट आरशात दिसली. डावा हात ओढताना उजवा खांदा आपोआप कानाकडे चढत होता. मग वजन कमी केलं, उजवा हात मांडीवर सैल ठेवला. (जड वजनाचा मोह खरंच आवरावा लागतो!)

व्यायाम चालू असतानाच्या दुखण्यापेक्षा मी रात्रीच्या दुखण्याकडे जास्त लक्ष देते. उजव्या कुशीवर वळताना कळ वाढली किंवा सकाळी हात कालच्यापेक्षा कमी वर गेला, तर पुढच्या वेळी वजन उतरवायचं.