राउटर हिरवा, फायबरचा डबा लाल

वाय-फायच्या दांड्या पूर्ण, राउटरचे सगळे दिवे हिरवे, आणि तरी एकही पान उघडत नाही. दिवाळीआधी घराला रंग दिला, त्यानंतर आमच्याकडे हे सुरू झालं. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे तक्रार नोंदवून माणूस येण्याची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. तक्रार नोंदवली, पण तोवर आपल्याला काय कळतंय ते बघू म्हणून टीव्हीच्या कपाटात वाकले.

आमच्याकडे दोन डबे आहेत. भिंतीतून आलेली फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची बारीक तार, आधी एका छोट्या पांढऱ्या डब्यात जाते. कंपनीची माणसं त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्याचं काम काचेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं. तिथून साधी लॅनची वायर राउटरला जाते. राउटरवरचा वॅनचा दिवा फक्त एवढंच सांगतो की शेजारचा डबा चालू आहे आणि मधली वायर नीट बसली आहे. त्या डब्यापर्यंत बाहेरून काही पोचतंय का, हे त्याला माहीतच नसतं. म्हणून तो हिरवा राहतो आणि आपण उगाच राउटर बंद-चालू करत बसतो.

खरी माहिती ओएनटीवर होती. कंपनीच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा पॉनचा दिवा विझलेला आणि एलओएसचा दिवा लाल लुकलुकत होता. एलओएस म्हणजे सिग्नल हरवला: डब्याला पुरेसा प्रकाश मिळत नाहीये. सगळं ठीक असताना हा दिवा बंद असतो आणि पॉन स्थिर हिरवा असतो. एलओएस बंद पण पॉन लुकलुकतोय, असं असेल तर प्रकाश पोचतोय, पण पलीकडच्या यंत्राशी नोंदणी होत नाहीये, आणि ते बहुतेक वेळा कंपनीने बघायचं काम असतं. दोन्ही ठीक असूनही नेट नसेल तर मग राउटर, रिचार्ज, पासवर्ड यांच्याकडे वळायचं. दिव्यांच्या खुणा डब्यागणिक थोड्या बदलतात, पण लाल एलओएस असताना राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. ओएनटीच्या मागचं रिसेटचं छिद्र तर टाचणीने मुळीच दाबू नये. कंपनीने आत भरलेली माहिती पुसली गेली तर प्रकाश परत आला तरी नेट येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे त्याच कंपनीचं कनेक्शन आहे. त्यांना फोन केला, तर त्यांचं नेट व्यवस्थित चालू. म्हणजे रस्ता खोदताना केबल तुटली वगैरे काही नाही. जिन्यातल्या डब्यात एक फायबर स्प्लिटरमधून वेगवेगळ्या घरांत वाटली जाते. दोष त्याच्यापुढे, आमच्याच वाटेत असण्याची शक्यता जास्त.

मग ओएनटीपासून उलटी भिंतीकडे निघाले. हिरवा चौकोनी कनेक्टर नीट बसलेला होता. तो मी काढला नाही. आतल्या टोकाला बोट किंवा धूळ लागली की जास्त प्रकाश वाया जातो, आणि निघणारा प्रकाश डोळ्याला दिसत नसला तरी टोकात डोकावून बघायचं नसतं. त्यापुढची पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे ओएनटी आणि भिंतीवरची डबी जोडणारी फायबरची छोटी वायर, कपाटाच्या मागे गेली होती. रंगकामासाठी कपाट ओढून परत सरकवताना ती भिंत आणि कपाटाच्या कडेमध्ये सापडली होती. तिथे तिला जवळजवळ काटकोनात घडी पडली होती.

तांब्याची वायर अशी वाकली तरी बिचारी चालत राहते. फायबरमध्ये प्रकाश काचेच्या आतल्या कडांवर आपटत, आतच राहून पुढे सरकतो. वळण फार तीव्र झालं की काही प्रकाश त्या कोनात आत टिकत नाही, बाहेर निसटतो. काच तुटलेली नसली तरी हे होतं. साध्या फायबरला वळणाची त्रिज्या निदान 30 मिलिमीटर ठेवावी लागते. घरांसाठीच्या नव्या प्रकारांना 10 किंवा 7.5 मिलिमीटरही चालते, पण आपल्याकडे कोणती आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून मी आमटीच्या वाटीच्या तोंडापेक्षा लहान वळण कुठेच ठेवायचं नाही, असं ठरवलं. आणखी एक गोष्ट आहे. घराकडे येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, तर घरातून जाणारा 1310 चा असतो, आणि लांब तरंगाला वळण जास्त बाधतं. घडीचा फटका आधी येणाऱ्या प्रकाशाला बसतो.

कपाट पुढे घेतलं, कॉर्ड न ओढता सैल केली. लाल दिवा विझला, पॉन आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. नेट आलं.

एवढ्यावर समाधान मानवत नव्हतं, कारण कपाटाचा खालचा खण ओढला की लाल दिवा पुन्हा क्षणभर चमकत होता. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून, डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या नाव-पासवर्डने आत गेले. (काही कंपन्या हे पान ग्राहकाला दाखवत नाहीत.) तिथे `RX Optical Power` समोर, म्हणजे डब्याला मिळणाऱ्या प्रकाशासमोर, आकडा होता -26.4 dBm. हा उणे आकडा शून्यापासून जितका लांब, तितका प्रकाश कमी. जीपॉन नावाच्या फायबर पद्धतीवर चालणाऱ्या आमच्यासारख्या डब्याला साधारण -27 पर्यंतचा प्रकाश पुरतो. आम्ही अगदी काठावर होतो. नेट चालू आणि लाईन निरोगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आकड्यामुळे कळलं.

कंपनीचा मुलगा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी भिंतीवरच्या डबीत पॉवर मीटर लावला: -20.3. मग तोच मीटर पॅचकॉर्डच्या दुसऱ्या टोकाला: -26.1.

"ताई, बाहेरची लाईन मस्त आहे. ही दीड मीटरची कॉर्डच प्रकाश खातेय."

"पण मी सरळ केली ना ती?"

"वरून सरळ झाली, आत दबलेलीच आहे. बघा."

त्याने पेनासारखा लाल लेझर कॉर्डला जोडला आणि खोलीतला दिवा घालवायला सांगितला. जिथे घडी पडली होती तिथे पिवळ्या आवरणातून लाल ठिपका स्पष्ट उजळला होता, बाकी कॉर्ड काळोखात. दर 3 डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. इथे जवळजवळ 6 चा फरक, म्हणजे डबीपर्यंत आलेल्या प्रकाशातला चौथा हिस्साच पुढे पोचत होता. बाकीचा तिथे आणि त्या दबलेल्या काचेत वाया जात होता.

नवी कॉर्ड लावताना त्याने दोन्ही टोकं क्लीनरने पुसली आणि दोन्हीकडचा कनेक्टर हिरवाच आहे ना ते बघितलं. हिरव्याच्या टोकाला 8 अंशांचा उतार असतो, निळा सपाट असतो, आणि हिरव्याला निळा जोडला की प्रकाश वाया जातो. पानावर आकडा आला -20.6.

ओएनटी आता कपाटाबाहेर, भिंतीवर आहे. जास्तीची कॉर्ड मोठ्या वेटोळ्यात, घट्ट टायऐवजी सैल वेल्क्रोने बांधली आहे. -20.6 हा आकडा तारखेसह डब्यावर चिकटवून ठेवलाय. तो -24 च्या आसपास घसरलेला दिसला तर लाल दिव्याची वाट न बघता फोन करणार आहे.