भरदुपारची शेपटी

एप्रिल संपत आला होता. कूलरमध्ये सकाळीच पाणी भरलं होतं आणि दुपारी दोनलाच ते तळाला गेलं होतं. नागपूरच्या त्या उन्हात, पडदे ओढलेल्या खोलीत, मी कोकणातल्या एका गटाने समुद्रात काढलेले देवमाशांचे तीनशेच्या आसपास फोटो उघडून बसले होते. सोबत गटप्रमुख दादांचा निरोप होता: "पहिले शेपटीचे बघ. हंपबॅक आहे असं वाटतंय. संध्याकाळपर्यंत सांगशील का?"

हंपबॅक म्हटल्यावर माझेही हात थरथरले. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात-येत नाहीत, वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांचे फोटो जुळवून जो अंदाज निघाला, तो शंभराच्याही आत आहे. २०१७ साली तिथे उपग्रहावरून माग काढणारा टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. आपल्या किनाऱ्यावर एखादी स्पष्ट शेपटी मिळाली, तर ती ओमानच्या संग्रहाशी ताडून बघता येते. आणि म्हणूनच चुकीची शेपटी त्या नोंदींमध्ये शिरली, तर ती बाहेर काढायला वर्षं जातात.

हे काम माझ्याकडे आलं ते वाघांमुळे. मी सहा वर्षं पेंच आणि ताडोब्याच्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंमधून पट्टे जुळवत होते. पट्टे जुळवणारी माणसं नागपुरात भरपूर, शेपट्या जुळवणारी कोणीच नाही, म्हणून एका ओळखीच्या माणसाने मला कोकणातल्या त्या गटाशी जोडून दिलं. आईला अजूनही हे पटत नाही. "इथं अंबाझरीत बोट चालते तेवढीच, बाप्पा," म्हणते.

शेपटीचे फोटो अकरा होते. पाठीमागून, शेपटीची खालची बाजू सावलीत असताना काढलेले, त्यामुळे शेपटी काळी कुळकुळीत. हंपबॅकच्या शेपटीचा खालचा भाग पांढरा, काळा किंवा दोन्हीचा मिळून असतो आणि तीच त्याची ओळखखूण. पण अशा सावलीतल्या फोटोत पांढरंही काळं होतं. म्हणून "काळी आहे" एवढ्यावर ना होकार देता येतो, ना नकार. मी फोटोतला अंधार हळूहळू वर उचलला. पांढरा ठिपका कुठेच निघाला नाही. तरी तेवढं पुरेसं नव्हतं, कारण अगदी काळ्या शेपटीचे हंपबॅकही असतात.

मग कड पाहिली. हंपबॅकच्या शेपटीची मागची कड करवतीसारखी दातेरी असते आणि मधल्या खाचेकडे वळणं घेत येते. या शेपटीची कड सरळ होती. दोन्ही पाती जवळजवळ त्रिकोणी, मधली खाच खोल, आणि डाव्या टोकाजवळ एक लहानसा तुटका भाग. मला चटकन स्पर्म व्हेल आठवला. तोच, ज्याच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या पेपरात येतात. तोही खोल बुडी मारताना शेपटी पूर्ण उभी करतो. शेपटी वर दिसली की हंपबॅक, असं लोकांना वाटतं, पण ते खरं नाही. निळा देवमासाही अधूनमधून उचलतो.

आता बाकीचे फोटो या निष्कर्षाला जुळायला हवे होते. तिथेच गाडी अडली.

जहाजावर दोन कॅमेरे होते. मी दोन्हीचे फोटो वेळेनुसार एका रांगेत लावले होते. त्या रांगेत सात वीसच्या सुमारास एक पाठ वर येते, तिच्यावर उंच, मागे वळलेलं, विळ्यासारखं पर. दोन मिनिटांनी ती शेपटी. मग पुन्हा पर. विळ्यासारखं उंच पर म्हणजे स्पर्म व्हेल नव्हेच. त्याच्या पाठीवर पर नसतंच, एक बसका त्रिकोणी उंचवटा असतो आणि त्याच्यामागे शेपटीपर्यंत गाठींची ओळ. हंपबॅकचं परही असं नसतं, ते लहान आणि एका कुबडावर बसलेलं असतं. हे पर ब्रायडीज व्हेलचं दिसत होतं. पण ब्रायडीज बुडताना पाठ कमानीसारखी वाकवतो आणि निघून जातो, शेपटी बाहेर काढत नाही.

म्हणजे माझ्यासमोर असा एक प्राणी होता, जो समुद्रात नाही.

अशा वेळी मोह होतो एक पुरावा मोठा करायचा आणि दुसरा बारीक. दादांनीही फोनवर तेच सुचवलं, चांगल्या मनाने: "पर जरा कोनामुळे उंच वाटत असेल, नाही का?" वाटू शकतं. पण चार वेगवेगळ्या कोनांतून चार वेळा तसंच वाटणार नाही. "दादा, रात्रीपर्यंत थांबा," मी म्हटलं. ते थांबले, याचं मला आजही बरं वाटतं.

मी फवाऱ्यांकडे वळले. मोठ्या देवमाशांमध्ये फवारा दुरूनही बरंच सांगतो, फक्त वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. स्पर्म व्हेलचं नाक डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला असतं. त्याचा फवारा बुटका, झुपकेदार आणि पुढे-डावीकडे तिरपा उडतो. इतरांचा सरळ वर जातो. पण सरळ फवारासुद्धा वाऱ्याने तिरपा होतो. म्हणून तिरपेपणा पाहिला की मी आधी विचारते, वारा कुठून? जहाजाचं निशाण फोटोत असलं तरी त्यावर विश्वास ठेवत नाही, कारण चालत्या जहाजावर ते जहाजाच्याच वेगाने फडफडतं. मी लाटांच्या माथ्यावरचा फेस बघते. इथे फेस उजवीकडे उडत होता आणि फवारा डावीकडे झुकला होता, प्राण्याच्या पुढच्या दिशेला. वाऱ्याविरुद्ध. शिवाय फवाऱ्याच्या पुढे पाण्यावर काहीच नव्हतं. ओंडक्यासारखं डोकं तिथेच संपत होतं. ब्रायडीजचं नाक बरंच मागे असतं, त्याच्या फवाऱ्यापुढे डोक्याचा निमुळता भाग दिसायला हवा.

हे फवाऱ्याचे सगळे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यातले होते. आणि शेपटीचेही. परवाले सगळे पहिल्यातले. एकही पर दुसऱ्या कॅमेऱ्यात नाही, एकही शेपटी पहिल्यात नाही. दोन माणसं एकाच प्राण्याचे वीस मिनिटं फोटो काढतात आणि एकाला फक्त पाठ मिळते, दुसऱ्याला फक्त शेपटी?

तेव्हा मला ताडोबा आठवला. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीपेक्षा वेगळे असतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर कॅमेरे लावतात आणि दोन्ही कुशी वेळेवरून एका वाघाच्या खात्यात टाकतात. घड्याळं जुळलेली नसतील तर मागेपुढे गेलेल्या दोन वाघांचा एक वाघ होतो, एका कुशीने हा आणि दुसऱ्या कुशीने तो. आम्ही म्हणूनच कॅमेरे लावताना दोन्हींसमोर तारीख-वेळ लिहिलेली एकच पाटी धरायचो. या फोटोंमध्ये पाटी नव्हती.

मग मी देवमासे सोडून जहाजाकडे बघायला लागले. पहिल्या कॅमेऱ्यातल्या एका फोटोत कडेचा कठडा आला होता आणि त्याची सावली डेकवर लांब आडवी पसरली होती. सकाळचं कोवळं ऊन. दुसऱ्या कॅमेऱ्यात, रांगेनुसार त्याच वेळी, एक खलाशी हात करून समुद्र दाखवतो आहे. त्याच्या टोपीची सावली थेट त्याच्या खांद्यांवर, आणि कठड्याची सावली कठड्याखालीच गोळा झालेली. शून्य सावलीचा दिवस आम्हा नागपूरकरांना मे अखेरीस येतो. सिंधुदुर्गाच्या अक्षांशावर तो त्याआधी, मेच्या सुरुवातीला येतो. एप्रिल संपताना तिथे भर मध्यान्हीला सावली जवळजवळ नसतेच, आणि त्या रेखांशावर मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नव्हे, साडेबारा उलटल्यावर येते.

म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यातले 'सात बावीस' खरे पावणेएकच्या पुढचे होते. फरक साडेपाच तासांचा. तो कॅमेरा ग्रिनिचच्या वेळेवर होता, पहिला आपल्या वेळेवर. सकाळी सात बावीसला एक देवमासा, आणि दुपारी बारा बावन्नला दुसरा.

मी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा साडेपाच तासांनी पुढे ढकलल्या. रांग दोन भागांत फुटली आणि दोन्ही भाग आपापल्या जागी शहाणे झाले. सकाळच्या भागात एका फोटोत डोकं थोडं वर आलेलं होतं. ते मोठं केल्यावर मधल्या उंच रेघेच्या बाजूला आणखी एक उंच रेघ दिसली. ब्रायडीजच्या डोक्यावर अशा तीन समांतर रेघा असतात, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या ओमुराला एकच. तिसरी पलीकडच्या बाजूला, पाण्याआड होती, पण एक सोडून दुसरी दिसली तरी ओमुरा बाद होतो. दुपारच्या भागात बुडीच्या आधीच्या फोटोत बसका उंचवटा आणि गाठी होत्या, आधी मी त्यांना लाटेचा खडबडीतपणा समजले होते. जहाजाचा माग मागवला, तर दुपारपर्यंत ते उथळ समुद्र सोडून खोल पाण्यावर गेलं होतं. स्पर्म व्हेल खोल पाण्यातला. पण मी तो माग शेवटी पाहिला. आधी पाहिला असता तर फोटोत मला हवं तेच दिसलं असतं.

रात्री साडेनऊला तांडेलकाकांचा फोन लागला. त्यांची वही बोटीवरच राहिली होती, पण त्यांना वहीची गरज नव्हती.

"सकाळी एक गावलो, दुपारी दुसरो," ते म्हणाले. "दुपारच्याचो फवारो वाकडो होतो. मी पोरांक सांगितलंय."

पोरांनी ऐकलं होतं, पण लिहिलं नव्हतं.

दादांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. हंपबॅक गेल्याचं वाईट त्यांना वाटलं, मलाही वाटलं. मग म्हणाले, "स्पर्म व्हेलची शेपटी तर आहे ना? कोणता आहे ते कळेल?"

स्पर्म व्हेल कडेवरच्या खाचा आणि तुटक्या भागांवरून ओळखतात, आणि डाव्या टोकाजवळचा तो तुकडा छान खूण होती. पण शेपटी आमच्याकडे तिरकी होती. उजवं पातं आखडून अर्ध्याहून कमी दिसत होतं, त्याच्या कडेवर काय आहे ते सांगता येत नव्हतं. अकरापैकी एकही फोटो सरळ मागून नव्हता. मी दोन ओळी भरल्या. पहिली: ब्रायडीज, एक, खात्रीने. दुसरी: स्पर्म व्हेल, एक, खात्रीने. दोन्हींपुढचा, हा नेमका कोणता प्राणी, हा रकाना रिकामा ठेवला. आणि पुढच्या फेरीच्या सूचनांमध्ये पहिलीच लिहिली: निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी जहाजाच्या जीपीएसच्या पडद्याचा, वेळ दिसेल असा, एकेक फोटो काढावा.