तुम्ही विचारलंत म्हणून : एफडीचं व्याज आणि सर्टिफिकेट

"खात्यात एक रुपयाही आला नाही, मग बँकेच्या सर्टिफिकेटवरचं व्याज रिटर्नमध्ये का दाखवायचं?"

कारण व्याज जमा झालंय, पण तुमच्या सेव्हिंग खात्यात नाही, एफडीतच. क्युम्युलेटिव्ह एफडीत बँक दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवते, ते पासबुकात दिसत नाही, पण टीडीएस मात्र दरवर्षीच्या व्याजावर कापते. म्हणून पासबुक बघून रिटर्न भरू नका, बँकेचं इंटरेस्ट सर्टिफिकेट बघा.

माझ्या आत्याचंच घ्या. वय ५५, नोकरी चालू, पगार वर्षाला १४ लाख, न्यू रिजीम. २०२५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला १० लाखांची ५ वर्षांची एफडी केली, ७ टक्क्यांनी. पहिल्या वर्षाचं व्याज झालं साधारण ७१,८००. साठीच्या आतल्यांना २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं व्याज ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे ७,१८० कापले आणि उरलेले एफडीत गेले. आता रिटर्नमध्ये लिहायचं काय, तर कापायच्या आधीचे ७१,८००, हातात राहिलेले ६४,६२० नाही. इथे खूप जण चुकतात.

आणि टीडीएस कापला म्हणजे टॅक्स संपला असंही नाही. स्टँडर्ड डिडक्शन वजा करून आत्याचं हे व्याज १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये येतं, सेस धरून ११,२०० च्या आसपास टॅक्स, त्यातले ७,१८० आधीच गेलेत, म्हणजे अजून चारेक हजार भरायचे. उलट तिचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असतं तर रिबेटमुळे ते ७,१८० परत मिळाले असते, पण रिटर्न भरलं तरच.

मॅच्युरिटीला एकदमच दाखवू, असं आत्या म्हणत होती. मी नको म्हटलं. ५ वर्षांचं मिळून चार लाखांवर व्याज एका वर्षात आलं तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊ शकतं, आणि ज्या वर्षी उत्पन्न दाखवता त्याच वर्षी त्याच्या टीडीएसचं क्रेडिट मिळतं. टीडीएस क्लेम केला आणि व्याजच दाखवलं नाही तर इन्कम टॅक्स पोर्टलला ते लगेच खटकतं.

सर्टिफिकेट नेट बँकिंगमधून डाउनलोड होतं, वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च निवडा. रिटर्नमध्ये एफडीच्या व्याजाचा आकडा Interest from Deposits मध्ये आणि सेव्हिंगचा वेगळा टाका. मग पोर्टलवर २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा हिशेब, उघडा, तिथे बँकेच्या नावापुढे किती रक्कम दिली आणि किती टॅक्स कापला ते असतं, ते सर्टिफिकेटशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर आधी ब्रँचला विचारा. आणि दुसऱ्या बँकेत छोटी एफडी असेल, टीडीएस कापलाच नसेल, तर २६एएसमध्ये तिचं व्याज सापडणार नाही, पण ते करपात्र आहेच, म्हणून त्या बँकेचंही सर्टिफिकेट काढा.