‘श्यामची आई’ छापायला परवानगी कोणाची?

शाळेच्या बाई ‘श्यामची आई’ची कोरी प्रत घेऊन आमच्या डीटीपी सेंटरमध्ये आल्या, तेव्हा त्यांचं काम छापखान्यात अडलेलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले होते, शाळेतल्या प्रत्येक मुलाला पुस्तक द्यायचं ठरलं होतं. छापखान्याच्या मालकांनी प्रत उघडली, आतल्या पानावर ‘© सर्व हक्क प्रकाशकाधीन’ वाचलं आणि म्हणाले, “आधी प्रकाशकाचं पत्र आणा.”

“पत्रावर उत्तर नाही, फोनवर नीट कोणी बोलत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जुनी पुस्तकं करता ना? सांगा, काय करू?”

जुन्या मराठी पुस्तकांची ई-बुकं करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या © च्या खुणेपाशी माणसं थबकतात हेही रोजचंच. ती खूण छापायला कोणाची परवानगी लागत नाही आणि ती छापल्यामुळे संपलेला हक्क परत येत नाही. म्हणून मी ते पान बाजूला ठेवते आणि तीन गोष्टी शोधते: लेखक कधी वारला, पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं आणि हातातल्या प्रतीत लेखकाखेरीज आणखी कोणाकोणाचं लेखन किंवा चित्रं आहेत.

साने गुरुजी गेले ११ जून १९५० रोजी. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मोजणी मृत्यूच्या तारखेपासून होत नाही, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे १ जानेवारी १९५१ ते ३१ डिसेंबर २०१०. त्यानंतर, १ जानेवारी २०११ पासून, मजकूर सगळ्यांचा. गुरुजींनी हक्क कोणाला दिले होते, विकले होते की घरच्यांकडे होते, याने या तारखेत काही बदल होत नाही. ज्याच्याकडे हक्क होता, त्याचाही त्या दिवशी संपला.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यामुळे त्यांचं साहित्य १९९१ संपताच मोकळं होणार होतं. डिसेंबर १९९१ च्या अगदी शेवटच्या दिवसांत अध्यादेश निघाला आणि मुदत साठ झाली. मात्र ज्यांची पन्नास वर्षं तोवर उलटून गेली होती, त्यांचे हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणून १९४० किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं पुस्तक त्याच्या हयातीत छापलेलं असेल, तर मला फार खोलात जावं लागत नाही.

पहिल्या छपाईचं सालही बघावं लागतं, कारण लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. १८०० ते १९३७ मधल्या पुस्तकांसाठी मी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडते, १९३८ ते १९५० साठी तिचा पुढचा खंड. ‘श्यामची आई’ १९३५ ची, गुरुजी हयात असतानाची. इथे काही गुंता नव्हता.

गुंता होता तो बाईंच्या हातातल्या प्रतीत. तिला एका निवृत्त प्राध्यापकांची प्रस्तावना होती, प्रत्येक ‘रात्री’च्या शेवटी शब्दार्थ होते आणि मध्ये मध्ये एका आजच्या चित्रकाराची रेखाचित्रं होती. प्रस्तावना प्राध्यापकांची, चित्रं चित्रकाराची, शब्दार्थ ज्याने केले त्याचे. त्या प्रत्येकाच्या हक्काची मुदत वेगळी, आणि यातलं काहीच मोकळं नव्हतं. प्रकाशकाची © खूण या भागांपुरती रास्त होती. बाईंना पानंच्या पानं झेरॉक्स करून छापायची होती. ते चाललं नसतं.

मग मूळ मजकूर आणायचा कुठून? इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे ढीगभर स्कॅन आहेत. तिथल्या नोंदीत पुस्तक मोकळं आहे असं लिहिलेलं असलं, तरी मी त्यावर विसंबत नाही. शीर्षक एक आणि आत पुस्तक दुसरंच, साल चुकलेलं, हक्कांच्या रकान्यात सरसकट एकच शेरा, असं मी वारंवार पाहिलं आहे. स्कॅनमध्ये छापलेलं शीर्षकपान आणि त्यामागचं पान दिसलं, तरच ती प्रत मी धरते. या वेळी गावच्या वाचनालयातच गुरुजींच्या हयातीत छापलेली एक प्रत निघाली. ग्रंथपालांनी ती समोर बसून स्कॅन करू दिली. जुनी प्रत वापरण्याचं मोठं कारण असं, की नंतरच्या कोणा संपादकाने केलेली काटछाट किंवा भर तिच्यात असूच शकत नाही.

स्कॅनमधून अक्षरं काढायला मी टेसरॅक्ट वापरते. पान तीनशे डीपीआयला, सरळ करून घेतलं की एवढंच:

```
tesseract pan-012.png pan-012 -l mar
```

मशीन ‘घ’ आणि ‘ध’मध्ये, ‘भ’ आणि ‘म’मध्ये गोंधळतं. पण जास्त नडतात ते अनुस्वार. त्या काळच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुलें’, ‘घरीं’ असे अनुस्वार पानभर असतात. मशीन काही टिपतं, काही गाळतं, आणि एकाच ओळीत दोन तऱ्हा होतात. मुलं आज १९६२ नंतरचं शुद्धलेखन शिकतात, म्हणून आम्ही अनुस्वार सगळीकडे आजच्या नियमांप्रमाणे केले, शब्द मात्र एकही बदलला नाही. मुदत संपली तरी लेखकाचं नाव आणि त्याच्या लेखनाची अब्रू राखायचीच असते. कलम ५७ मध्ये तसं आहे, आणि कायद्यात नसतं तरी मी तेच केलं असतं.

दुपारी बाईंनी आणखी दोन प्रश्न काढले. त्यांना शेवटी ‘भरजरी गं पीतांबर’ हे गाणं घालायचं होतं. गाणं १९५३ च्या चित्रपटातलं, आचार्य अत्र्यांचं. चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून साठ वर्षं, ती २०१३ अखेर संपली. पण शब्द अत्र्यांचे, आणि अत्रे गेले १९६९ साली. ते शब्द ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत राखीव आहेत. “पुस्तक मोकळं आणि गाणं नाही?” बाईंना हे पटायला वेळ लागला. गाणं वगळलं.

दुसरा प्रश्न अमेरिकेतल्या भाच्याचा. तिथल्या मराठी शाळेसाठी त्याला हेच पुस्तक तिकडे छापायचं होतं. मी नको म्हटलं. १ जानेवारी १९९६ रोजी जे पुस्तक भारतात राखीव होतं, त्याला अमेरिकेने तिथली मुदत लागू केली. १९३५ च्या पुस्तकाला ती प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत.

संध्याकाळी मी छापखान्याच्या मालकांसाठी अर्ध्या पानाचं टिपण केलं: मृत्यूची तारीख, मोजणी, पहिल्या प्रकाशनाचं साल, वाचनालयातल्या प्रतीच्या शीर्षकपानाची प्रत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कागदाचा भाव काढायला घेतला. आमच्या आवृत्तीच्या आतल्या पानावर असं छापलं: ‘साने गुरुजींचा मूळ मजकूर हक्कमुक्त आहे, कोणीही वापरावा. शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणे केले आहे. मुखपृष्ठावरील चित्र शाळेच्या कलाशिक्षकांचे असून त्याचे हक्क त्यांच्याकडे आहेत.’