मोठ्या मायची काच आणि बी-१२ चा रिपोर्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी छोटी लॅब आहे. ही गोष्ट माझ्या मोठ्या मायची, म्हणजे थोरल्या चुलतीची. वय अडुसष्ट. घर महानुभाव पंथाचं, त्यामुळे अंडं-मटण कधीच नाही. म्हैस विकल्यापासून दूधही चहात टाकण्यापुरतंच. त्यात कित्येक वर्षांपासून साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू. बी-१२ हे जीवनसत्त्व शरीरात जाण्याचा रस्ता दोन्हीकडून अरुंद झालेला होता, पण तेव्हा घरात हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

ती थकत होती, धाप लागत होती, डोळे पिवळसर दिसत होते. गावात लगेच ‘कावीळ’ ठरली आणि कोणीतरी झाडपाल्याचं औषध सुरू केलं. शिवाय आपल्या भागात कोणीही फिकट दिसलं की पहिला संशय सिकलसेलचा येतो, आणि तो चुकीचाही नाही. चुलतभाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला तो सिकलसेलची तपासणी करायलाच. पण माझं लक्ष गेलं तिच्या एका वाक्यावर : “मले पायात मुंग्याच मुंग्या चालल्यासारख्या वाट्टे बाबू, अन् चप्पल निसटली तं समजतच नाई.” रक्त कमी असलं की माणूस थकतो, पण पायातली चप्पल निसटलेली कळू नये हे काम नसांचं.

सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली, पण त्यावर मी लगेच विसंबलो नाही. हिमोग्लोबिन फार कमी असलं की नळीत गढूळपणा यायला पुरेसं हिमोग्लोबिनच नसतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह दिसू शकते. म्हणून प्लाझ्मा काढून दाट पेशींवर ती पुन्हा लावली. तेव्हाही निगेटिव्ह.

पेशी मोजणाऱ्या मशीनचा, म्हणजे काउंटरचा, कागद असा होता : हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट ८८,०००, एमसीव्ही ९५, आरडीडब्ल्यू २४. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० मध्ये असलं की बरेच जण ‘पेशी नॉर्मल आकाराच्या आहेत, बी-१२ ची भानगड नाही’ म्हणून कागद मिटतात. पण हा आकडा सरासरीचा आहे. अर्ध्या पेशी फार मोठ्या आणि अर्ध्या फार लहान असल्या तरी सरासरी मधलीच येते. आकारात किती फरक आहे ते आरडीडब्ल्यू सांगतो, आणि २४ म्हणजे पेशींचा मेळच नाही. तीनही प्रकारच्या पेशी कमी असताना रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली न बघता रिपोर्ट द्यायचा, हे मला पटत नाही.

काच करायला घेतली. मे महिना होता. या दिवसांत लीशमन स्टेन काचेवर टाकला की मिथेनॉल उडून जातं, रंगाचे दाणे पेशींवर बसतात आणि मग ते दाणे प्लेटलेट आहेत की आणखी काही, यात वेळ जातो. मी स्टेन थोडा जास्त टाकतो आणि दोन मिनिटांत त्यावर दुप्पट बफर घालून आठ-दहा मिनिटं ठेवतो. बफर म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात पीएच ६.८ च्या गोळ्या विरघळवून केलेलाच. आमच्या बोअरचं जड पाणी वापरलं तर सगळी काच निळी होते आणि लाल पेशीतले बारकावे बुडतात. दुसरी गोष्ट, काच ताज्या रक्ताची हवी. जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त दिवसभर पडून राहिलं की पांढऱ्या पेशींची केंद्रकं वेडीवाकडी होतात, आणि त्यांचे भाग मोजण्यात अर्थ राहत नाही.

जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागात बघितलं. दोन जातीच्या लाल पेशी सरळ दिसत होत्या. एक जात मोठी, अंडाकृती, काठोकाठ भरलेली, मधला फिकट गोल जवळजवळ नसलेली. त्यांना मॅक्रो-ओव्हॅलोसाइट म्हणतात. दुसरी जात लहान, फिकट, काही तर पेन्सिलीसारख्या लांबट. एक-दोन पेशींत गडद जांभळा गोल ठिपका होता, तो हॉवेल-जॉली बॉडी. पेशी नुसती मोठी असणं पुरेसं नाही. लिव्हर बिघडलं असेल किंवा दारू चालू असेल तरी पेशी मोठ्या होतात, पण त्या बहुधा गोल असतात. सिकलसेलचे जे पेशंट हायड्रॉक्सीयुरिया घेतात त्यांच्याही पेशी मोठ्या होतात, म्हणून आपल्याकडे औषधाची चौकशी केल्याशिवाय मोठ्या पेशींवर मत देऊ नये.

मग पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल मोजले. या पेशीचं केंद्रक साधारण तीन-चार भागांचं असतं आणि ते भाग बारीक धाग्याने जोडलेले असतात. धागा नसून जाड पट्टा असेल तर तो एकच भाग धरायचा. इथे लोक घाई करतात आणि चारचे पाच करून टाकतात. नियम साधा आहे : १०० न्यूट्रोफिलमध्ये पाच भागांचे पाचपेक्षा जास्त निघाले, किंवा सहा भागांचा एक जरी दिसला, तर त्याला हायपरसेगमेंटेड म्हणायचं. मोठ्या मायच्या काचेत पाच किंवा जास्त भागांचे अकरा होते, त्यातले दोन चक्क सहा भागांचे. सोबत लोह कमी असेल तर एमसीव्ही नॉर्मल दिसतो, पण न्यूट्रोफिलच्या या खुणा सहसा टिकून राहतात.

रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी, ०.८ टक्के, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच २,४०० च्या वर, बिलिरुबिन २.३ आणि त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट. डोळ्यांच्या पिवळेपणाचं कोडं इथेच सुटलं. बी-१२ किंवा फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व कमी पडलं की पेशीचा डीएनए वेळेवर तयार होत नाही. पेशी फुगते, पण तिची वाढ पूर्ण होत नाही आणि बऱ्याच पेशी हाडातल्या मज्जेतच, जिथे त्या तयार होतात तिथेच, फुटतात. त्यांच्यातलं एलडीएच आणि हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं आणि माणूस पिवळा दिसतो. रक्तातल्या पेशी फुटून पिवळेपणा आला असता, तर मज्जेने जोर लावून रेटिक्युलोसाइट वाढवले असते. इथे ते खाली होते. म्हणजे माल कारखान्यातच मोडत होता.

काच इथपर्यंत घेऊन येते. पण बी-१२ कमी आहे की फोलेट, हे काचेवर कळत नाही. दोन्हींत चित्र तेच दिसतं.

तिला ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी भराभर ठरवलं : दोन बाटल्या रक्त आणि लगेच बी-१२ चं इंजेक्शन. मी विनंती केली, “साहेब, आधी सॅम्पल घेऊ द्या, मग काय द्यायचं ते द्या.” इंजेक्शननंतर बी-१२ चा आकडा आभाळाला भिडतो आणि त्यावरून काहीही ठरवता येत नाही. बाहेरचं रक्त चढवलं तर दात्याच्या पेशी मिसळतात आणि काचही बिघडते. डॉक्टरांनी ऐकलं, आणि ती बसून बोलत होती, छातीत दुखत नव्हतं, म्हणून रक्त चढवायचंही थांबवलं.

सकाळी उपाशीपोटी सॅम्पल घेतलं, कारण सीरम फोलेट आदल्या जेवणानेही वर जातं. लाल टोपीच्या नळीत रक्त अर्धा तास गोठू दिलं, सेंट्रिफ्यूज फिरवलं आणि सीरम लगेच वेगळं केलं. ही घाई फोलेटसाठी. लाल पेशींच्या आत सीरमच्या कित्येक पट फोलेट असतं. न फिरवलेली नळी उन्हात एसटीच्या टपावरून नागपूरला गेली, तर वाटेत पेशी फुटतात आणि फोलेट खोटं वाढून येतं. उजेडानेही फोलेट खराब होतं, म्हणून नळीला फॉइल गुंडाळून बर्फाच्या डब्यात नागपूरला पाठवली.

रिपोर्ट आला : बी-१२ ११२ पिकोग्रॅम, फोलेट २० नॅनोग्रॅमच्या वर. फोलेट इतकं जास्त कसं, म्हणून लॅबवाल्यांनी फोन करून सॅम्पलची चौकशी केली. मी सीरम डोळ्यांनी बघून पाठवलं होतं. ते पिवळंजर्द होतं, गुलाबी छटा अजिबात नव्हती, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. घरी विचारलं तेव्हा उलगडा झाला. सुनेच्या बाळंतपणातल्या उरलेल्या लाल गोळ्या मोठी माय ‘रक्ताच्या’ म्हणून अधूनमधून खात होती. त्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, असतं. नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं की रक्त थोडं सावरल्यासारखं दिसतं, आणि नसांचा बिघाड मात्र आत चालूच राहतो. शिवाय बी-१२ नसलं की फोलेट पेशीत वापरलं जात नाही आणि सीरममध्ये साचतं, त्यामुळे गोळ्या न खाताही ते नॉर्मल किंवा जास्त दिसू शकतं. फोलेट भरपूर असूनही काच अशी दिसते, याचा अर्थ दोष बी-१२ चाच.

तिचा ११२ आकडा स्पष्ट होता. खरी पंचाईत २०० ते ३०० च्या मधल्या आकड्यांची. तेव्हा मिथाइलमॅलोनिक ॲसिड मदत करतं, कारण ते बी-१२ कमी असेल तर वाढतं, फोलेट कमी असेल तर नाही. होमोसिस्टीन दोन्हींच्या कमतरतेत वाढतं. किडनी बिघडलेली असेल तर मात्र मिथाइलमॅलोनिक ॲसिडवरही भरवसा नाही. पर्निशस ॲनिमियात, म्हणजे पोटातून बी-१२ शोषलंच जात नाही त्या आजारात, बी-१२ शोषायला लागणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी काही मशीनला फसवतात आणि बी-१२ खोटं नॉर्मल येतं. काच बोलकी असेल आणि आकडा नॉर्मल असेल, तर मी काचेच्या बाजूने. तिच्या त्या अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. निगेटिव्हने पर्निशस ॲनिमिया पूर्ण नाकारता येत नाही, पण आहार आणि मेटफॉर्मिन ही कारणं समोरच होती.

डॉक्टरांनी १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला दिली. पेशी भराभर तयार व्हायला लागल्या की पोटॅशियम खाली जाऊ शकतं, म्हणून सुरुवातीला तेही बघितलं. आठवड्याने रेटिक्युलोसाइट १४ टक्क्यांवर गेले. निदान बरोबर असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. सहा भागांचे न्यूट्रोफिल मात्र तेव्हाही काचेत होते, ते साधारण दोन आठवडे टिकतात. त्यामुळे इंजेक्शन आधीच घेऊन आलेल्या पेशंटमध्ये बी-१२ चा आकडा निरुपयोगी झाला तरी काच बघण्यात अर्थ असतो.

दोनेक महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ वर अडकलं आणि एमसीव्ही ७६ वर उतरला. काचेतल्या त्या लहान फिकट पेशी आता एकट्याच उरल्या होत्या. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९ आलं, म्हणजे लोह कमी. आधीच केलं असतं तर कदाचित फसवं नॉर्मल दिसलं असतं, कारण मज्जा लोह वापरतच नव्हती. लोह सुरू केलं. कोरा चहा गोळीसोबत न पिण्यावरून घरात अजून वाद होतो. मुंग्या कमी झाल्यात, चप्पल निसटलेली आता कळते, पण अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंपन अजून जाणवत नाही. डॉक्टर म्हणाले, नसा सुधारायला महिने लागतात आणि पूर्ण सुधारतीलच असं नाही. महिन्याचं इंजेक्शन चालू ठेवलं आहे.