पंचावन्नचे अडतीस

अंबडच्या आमच्या कारखान्यात मी एचआर बघतो. मार्चअखेरीला स्व-मूल्यमापनाचे फॉर्म येतात. बहुतेकांच्या फॉर्मात जानेवारी ते मार्चचंच काम असतं. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत माणूस जणू रजेवर होता. आळस हे त्याचं कारण नसतं. जुनं आठवत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी प्रेस शॉपच्या एका इंजिनिअरच्या बैठकीला मी बसलो होतो. तो दोनशे पानी वही घेऊन आला. दर शनिवारी शिफ्ट सुटण्याआधी दहा मिनिटं तो त्यात लिहायचा. पानावर चार रकाने होते: आधी काय होतं, मी काय केलं, आता काय आहे, पुरावा कुठे आहे. तारीख समासात.

त्याच्या साहेबांनी एकच नोंद धरली. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला लागणारा वेळ कमी केला, अशी ती नोंद होती. या बदलाला आम्ही चेंजओव्हर म्हणतो. साहेब म्हणाले, ‘‘आधी किती लागायचा, हे कशावरून?’’

खरी अडचण इथेच असते. काम हातात घेताना आधीचा आकडा कुणी टिपत नाही, आणि काम झाल्यावर तो पुन्हा मोजता येत नाही. या मुलाचीही पहिली नोंद नुसतीच होती, ‘चेंजओव्हर कमी केला’. चूक त्याला ती नोंद केल्यावर दोन आठवड्यांनी कळली. शिफ्टचं लॉगबुक तोवर स्टोअरच्या गठ्ठ्यात गेलं नव्हतं, म्हणून त्याने मे महिन्यातले सलग बारा चेंजओव्हर काढले. जुन्या डायचा शेवटचा नग ते नव्या डायचा पहिला पास नग, असा प्रत्येकाचा वेळ धरला. सरासरी पंचावन्न मिनिटं आली. लॉगबुकचा पान क्रमांक चौथ्या रकान्यात होता.

मग त्याने काय केलं, तेही वहीत होतं. पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायची, आणि सगळ्या डायना क्लॅम्पच्या जागी एकच उंची करून घ्यायची, म्हणजे दरवेळी वेगळ्या लांबीचे बोल्ट शोधावे लागत नाहीत. ऑगस्टमध्ये वेळ बत्तीस मिनिटांवर आला. इथेच बहुतेक जण वही मिटतात आणि फॉर्मात ‘५५ वरून ३२’ ठोकून देतात.

त्याच्या वहीत डिसेंबरची नोंदही होती. हेल्पर बदलला, ट्रॉली वेळेवर येईना, वेळ अडतीसवर गेला. फॉर्मात त्याने ५५ वरून ३८ लिहिलं. महिन्याला साधारण चाळीस चेंजओव्हर, प्रत्येकी सतरा मिनिटं, म्हणजे ६८० मिनिटं, अकरा तास वीस मिनिटं. साहेबांना प्रॉडक्शनच्या रिपोर्टमध्ये अडतीस दिसतच होते. बत्तीस लिहिले असते तर उरलेल्या सगळ्या नोंदींवर शंका आली असती. पैशांतली बचत मात्र त्याने लिहिली नव्हती, आणि ते बरोबरच होतं. ऑर्डर कमी असलेल्या महिन्यात वाचलेल्या तासांत प्रेस नुसता उभा राहतो.

फोटो किंवा मेलच्या प्रती मात्र वहीत नव्हत्या. ग्राहकाचं ड्रॉइंग, कंपनीचे मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवून ‘पुरावा’ जपणारे लोक मी पाहिलेत. तो मूल्यमापनाचा नव्हे, शिस्तभंगाचा विषय होतो. पुरावा जागेवरच राहू द्यावा, वहीत फक्त पत्ता लिहावा: कुठलं रजिस्टर, कुठलं पान, कुठल्या तारखेचा मेल.

ही वही उपयोगी पडते ती तुमच्या बैठकीत नव्हे, त्यानंतरच्या बैठकीत. तिथे सगळे विभागप्रमुख एका टेबलाला बसून रेटिंग जुळवतात आणि कर्मचारी तिथे नसतो. ‘चांगला मुलगा आहे, मेहनती आहे’ असं प्रत्येक जण आपल्या माणसाबद्दल म्हणतो. त्या दिवशी प्रेस शॉपच्या साहेबांनी फॉर्मातलं एक वाक्य वाचलं: आधी पंचावन्न, आता अडतीस, लॉगबुक उघडा. दुसऱ्या विभागप्रमुखाने विचारलं, ‘‘ऑर्डर कमी झाल्या म्हणून नसेल?’’ उत्तर सोपं होतं. ऑर्डर घटल्या की चेंजओव्हरची संख्या बदलेल, एका चेंजओव्हरला लागणारा वेळ नाही. चर्चा दोन मिनिटांत संपली.

दुसऱ्या रकान्यात अजून एक ओळ होती: ‘क्लॅम्पची उंची एक करायची कल्पना टूलरूमच्या फिटर मामांची, मी मापं काढली आणि वेळापत्रक लावलं.’ मामांचा स्वतःचा फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा त्यात ‘नेहमीचं काम’ एवढंच होतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि तो फॉर्म पुन्हा भरून घेतला.