कॅब चालवून तासाला नक्की किती सुटतात? माझा तीन आठवड्यांचा हिशोब

मी चिंचवडला राहतो. व्हॅगन आर सीएनजी, पिवळी पाटी, अ‍ॅपवर भाडी मारतो. एप्रिलमध्ये 26 दिवस गाडी काढली आणि कमिशन कापून बँक आणि रोख मिळून 58,500 रुपये हातात आले. गॅसला 15,900 गेले. अ‍ॅप म्हणत होतं, तुम्ही 212 तास ऑनलाइन होता. भागाकार केला तर तासाला 200 रुपये. मेहुण्याला सांगितलं, त्यालाही बरं वाटलं. तो नवी गाडी घ्यायच्या विचारात होता, म्हणून मी म्हटलं, थांब, नीट हिशोब काढून देतो.

एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, त्याला तीन आठवडे लागले, आणि ते सगळे एकाच आकड्यासाठी: गाडी एकूण किती किलोमीटर पळाली.

गॅस, टायर, ऑइल, गाडीची झीज हे सगळं किलोमीटरवर चालतं. तो आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं. अ‍ॅपच्या महिन्याच्या पत्रकात 2,860 किलोमीटर दिसत होते. मी तोच आकडा धरला. मग गॅसचा ताळा करून बघितला. किलोला साधारण 90 रुपयांनी 15,900 म्हणजे 177 किलो गॅस. 2,860 भागिले 177, किलोला 16 किलोमीटर. माझी गाडी शहरात एसी लावून 25 देते, हे मला भरण्यावरून पक्कं माहीत आहे. म्हणजे गॅस गळतोय तरी, नाहीतर किलोमीटर तरी कमी मांडलेत.

मदतकेंद्राला फोन लावला. पहिल्यांदा सांगितलं, पत्रक बरोबर आहे. दुसऱ्यांदा तक्रार नोंदवून घेतली आणि आठ दिवसांनी तेच पत्रक परत पाठवलं. तिसऱ्या वेळी एका मुलाने समजावून सांगितलं, "दादा, यात फक्त पॅसेंजर बसल्यापासून उतरेपर्यंतचेच किलोमीटर असतात." मी विचारलं, पॅसेंजर घ्यायला जातो ते? उतरवून रिकामा परत येतो ते? ते पत्रकात नाहीत म्हणाला. त्यात माझे दहा दिवस गेले. ज्या किलोमीटरला गॅस जळतो, टायर झिजतो, ते ड्रायव्हरच्या पत्रकात दाखवायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी सर्व्हिसची पावती कामी आली. एक एप्रिलला सकाळीच सर्व्हिस झाली होती, पावतीवर मीटरचा आकडा होता. महिनाअखेरीचा आकडा मे महिन्याच्या पहिल्या सकाळी विम्यासाठी काढलेल्या फोटोत सापडला. फरक 4,420 किलोमीटर. 25 ने भागला तर 177 किलो, गॅसचा ताळा जुळला. म्हणजे 1,560 किलोमीटर मी रिकामा फिरलो होतो. शंभरातले पस्तीस.

तुम्ही हिशोब करणार असाल तर आजपासून रोज सकाळी निघताना आणि रात्री गाडी लावताना मीटरचा फोटो काढा. दुसरं काही नाही केलं तरी चालेल. फोटोवर तारीख आणि वेळही येते, त्याचा उपयोग पुढे आहे.

रिकामे किलोमीटर कुठे जातात, हे मी पुढचे दहा दिवस वहीत लिहिलं. हिंजवडीतून संध्याकाळचं लोहगाव विमानतळाचं भाडं मोठं दिसतं. पण तिथे रांग मोठी असली की मी कंटाळून रिकामाच चिंचवडकडे निघायचो, ते वीसेक किलोमीटर. दुसरा भाग पिकअपचा, तीन-चार किलोमीटर लांबचा. तिसरा गॅसच्या पंपाचा: एका पंपावर प्रेशर नाही म्हणून दुसऱ्यावर, तिथे लाईन म्हणून तिसऱ्यावर.

किलोमीटर मिळाल्यावर बाकीचं पटापट झालं. सर्व्हिस, टायर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन या जुन्या पावत्या पुढे-मागे जोडून किलोमीटरला 1.40 रुपये पडले. टायरचा सेट 14,000 चा आणि माझा 40,000 किलोमीटर चालतो, म्हणजे एकट्या टायरचे 35 पैसे. ज्या महिन्यात टायर बदलला त्याच महिन्यात सगळा खर्च धरू नका.

झीज अशी काढली: गाडी रस्त्यावर 7,40,000 ला पडली. 3 लाख किलोमीटर चालवून 1,40,000 ला जाईल असं धरलं. 6 लाख भागिले 3 लाख, किलोमीटरला 2 रुपये. इथे बहुतेक जण झीजही वजा करतात आणि पूर्ण हप्ताही. गाडीची किंमत दोनदा कापली जाते. झीज धरली की हप्त्यातलं फक्त व्याज धरायचं. कर्जाच्या पत्रकात ते वेगळं असतं, माझं महिन्याला 3,500 आहे.

गॅस 3.60, देखभाल 1.40, झीज 2. किलोमीटरला 7 रुपये, पॅसेंजर असो वा नसो. 4,420 ला 30,940. व्याज 3,500, आणि विमा, पासिंग, परमिट, पीयूसी, रिचार्ज, धुलाई मिळून महिन्याला 4,500. उरले 19,560.

हे बायकोला दाखवलं. ती बचत गटाचा हिशोब ठेवते. ती म्हणाली, "अहो, अ‍ॅपचे तास कशाला धरता? घरातून किती वाजता गेलात आणि किती वाजता आलात ते धरा." एप्रिलचे रोजचे फोटो नव्हते, म्हणून वहीच्या दहा दिवसांतल्या फोटोंवरच्या वेळा काढल्या: रोजचे सरासरी अकरा तास, म्हणजे 26 दिवसांचे 286 तास. रोजचा अर्धा तास जेवणाचा सोडला तर 273. पत्रकातल्या 212 मध्ये गॅसची लाईन नव्हती, कारण तिथे मी ऑफलाइन जातो. रोज एकदा भरावं लागतं, सरासरी पाऊण ते एक तास. महिन्याला चोवीस तास नुसता लाईनमध्ये.

19,560 भागिले 273. तासाला 72 रुपये.

दोन दिवस मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. मग 7 रुपयांचा तो आकडा वापरायला सुरुवात केली. समजा, 110 रुपयांचं भाडं आलं, 5 किलोमीटरचं, पण पिकअप 4 किलोमीटर लांब. 9 साते 63 गेले, 47 राहिले, आणि वेळ गेला चाळीस मिनिटं. त्याच्या जागी 95 चं भाडं, पिकअप एक किलोमीटर, प्रवास चार: 35 गेले, 60 राहिले पंचवीस मिनिटांत. आता मी भाड्याची रक्कम शेवटी बघतो, पिकअप आधी.

एक राहिलं. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तिचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचा दिवसही वर्षाच्या खर्चात धरा. मी वरच्या 4,500 मध्ये धरलाय. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी, तेव्हा हा आकडा वाढेल. आणि माझा 2 रुपयांचा झिजेचा आकडा विकताना मिळणाऱ्या भावावर अवलंबून आहे. भाव 60,000 ने पडला तर किलोमीटरला 20 पैसे वाढतील, त्याहून जास्त नाही.

जून महिन्यात लोहगावहून परतीचं भाडं मिळाल्याशिवाय निघालो नाही, लांबचे पिकअप सोडले, गॅस पहाटे पाचला भरला. मीटरवर 3,900 किलोमीटर, हातात 55,000, एकूण 248 तास. 27,300 आणि 8,000 वजा करून 19,700 राहिले, तासाला 79. मेहुण्याला दोन्ही महिन्यांची पानं दिली आहेत. गाडीची बुकिंग त्याने अजून केलेली नाही.